तुरटी, कॉस्टिक सोडा आणि दोन उतारांचा डोंगर

अर्धा ग्रॅम तुरटी दहा मिलिलिटर पाण्यात विरघळवली की पाण्यासारखंच स्वच्छ द्रावण मिळतं. त्यात कॉस्टिक सोड्याचं पातळ द्रावण, म्हणजे शंभर मिलिलिटर पाण्यात चार ग्रॅम सोडा, थेंबाथेंबानं सोडत जायचं. पहिल्या थेंबांनी पांढुरके, जिलेटिनसारखे धागे दिसतात आणि हलवलं की विरतात. पुढच्या थेंबांनी ते टिकू लागतात. सुमारे तीन मिलिलिटर सोडा पडला की परीक्षानळी पांढऱ्या, लिबलिबीत साक्यानं भरून जाते. हा साका म्हणजे ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड. इथे बहुतेक जण थांबतात, पण खरं बघण्यासारखं पुढे आहे. सोडा तसाच घालत राहिलं तर चार मिलिलिटरच्या पुढे साका विरळ होऊ लागतो आणि पाचच्या आसपास नळी पुन्हा नितळ दिसते. आता त्यात हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब सोडले तर साका परत येतो, आणि आम्ल आणखी वाढवलं तर परत नाहीसा होतो. (कॉस्टिक सोडा कातडी जाळतो. हा प्रयोग हातमोजे आणि चष्मा घालून, जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच करावा.)

आम्लातही विरघळणारा आणि आम्लारीतही विरघळणारा, अशा पदार्थाला रसायनशास्त्रात उभयधर्मी म्हणतात. शाळेच्या पुस्तकात हे एका ओळीत येतं आणि संपतं. ते दोन्हीकडे का विरघळतं, आणि दोन्हीकडचं विरघळणं सारखं का नाही, हे मात्र समजून घेतलं तर शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रात पावसाळ्यात काय बिघडतं आणि बॉक्साइटच्या लाल दगडातून पांढरा ॲल्युमिना कसा निघतो, या दोन्ही गोष्टी एकाच धाग्यात येतात.

आधी आम्लाची बाजू पाहू. पाण्यातला ॲल्युमिनियमचा आयन एकटा नसतो. त्याच्याभोवती पाण्याचे सहा रेणू घट्ट बसलेले असतात. आयन लहान आणि त्यावर तीन धन प्रभार, त्यामुळे तो त्या रेणूंमधले इलेक्ट्रॉन आपल्याकडे जोरानं ओढतो. परिणामी त्या रेणूंमधला हायड्रोजन सैल होतो आणि सुटून पाण्यात जातो. म्हणूनच तुरटीचं पाणी आंबट लागतं. द्रावणाचा सामू, म्हणजेच पीएच, वाढवत नेला की हे हायड्रोजन एकेक करून गळतात. एक गळला की प्रभार तीनवरून दोनवर येतो, दुसरा गळला की एकवर. तिसरा गळला की प्रभार शून्य. प्रभार होता तोवर हे कण एकमेकांना दूर ठेवत होते आणि पाणी त्यांना धरून होतं. प्रभार गेला की ते एकमेकांना बिलगतात, साखळ्या आणि जाळ्या तयार होतात आणि साका खाली बसू लागतो.

पण सामू आणखी वाढवला तर गोष्ट शून्यावर थांबत नाही. पाण्यात हायड्रॉक्साइड आयनांची गर्दी झाली की चौथा हायड्रॉक्साइड येऊन ॲल्युमिनियमला चिकटतो:

Al(OH)₃ + OH⁻ → [Al(OH)₄]⁻

आता प्रभार परत आला, फक्त उलट खुणेचा. चार हायड्रॉक्साइडांनी वेढलेलं हे ऋण प्रभाराचं हायड्रॉक्सो संकुल म्हणजे ॲल्युमिनेट. ते पाण्यात सुखानं राहतं आणि साका विरघळतो. या टप्प्यावर आणखी एक बदल होतो, तो पुढे कामाला येणार आहे. साक्यात प्रत्येक ॲल्युमिनियमभोवती सहा ऑक्सिजन असतात, तर संकुलात चारच, चतुष्फलकाच्या कोपऱ्यांवर. म्हणजे विरघळताना ॲल्युमिनियम आपला शेजारच बदलून टाकतो. जुन्या पुस्तकांत या विरघळलेल्या रूपासाठी NaAlO₂ असं सूत्र दिसतं. पाण्यातून काढून तापवलेल्या घन पदार्थाला ते लागू पडतं. पाण्यात मात्र चार हायड्रॉक्साइडांचं संकुलच असतं.

परीक्षानळीतला हिशेबही यावरून लागतो. एका ॲल्युमिनियमला साक्यात आणायला तीन हायड्रॉक्साइड लागतात, म्हणून तीन मिलिलिटरला नळी भरली. संकुल करायला चौथा लागतो, म्हणून चार. पण चारला साका पूर्ण विरघळत नाही, कारण संकुल टिकून राहायचं तर भोवती थोडे मोकळे हायड्रॉक्साइडही शिल्लक असावे लागतात. त्यासाठी वरचा मिलिलिटरभर सोडा.

आता आकडे. ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा विद्राव्यता गुणाकार पाठ्यपुस्तकांत साधारण 1.3 × 10⁻³³ दिलेला असतो. ॲल्युमिनियमची संहती गुणिले हायड्रॉक्साइडच्या संहतीचा घन, असा तो गुणाकार. यातला ‘घन’ हा शब्द महत्त्वाचा. सामू एकानं उतरला की हायड्रॉक्साइड दहा पटींनी घटतो, आणि त्याचा घन हजार पटींनी. म्हणजे पाण्यात राहू शकणारा मोकळा ॲल्युमिनियम आयन एका फटक्यात हजार पट वाढतो. वर उल्लेख केलेली एक आणि दोन प्रभारांची मधली रूपं जमेस धरली की ही वाढ थोडी मवाळ होते, तरी ती शेकड्यांत राहते. हिशेब केला तर सामू 5 ला लिटरभर पाण्यात सुमारे 0.1 मिलिग्रॅम ॲल्युमिनियम विरघळून राहतो, आणि सामू 4 ला पस्तीस-चाळीस मिलिग्रॅम.

उजवीकडे, म्हणजे सामू वाढवताना, चित्र वेगळं आहे. तिथे वरच्या समीकरणात हायड्रॉक्साइड एकदाच येतो. घन नाही, वर्ग नाही. म्हणून सामू एकानं चढला की विद्राव्यता फक्त दहा पटींनी वाढते. सामू 8 ला लिटरमागे सुमारे 0.04 मिलिग्रॅम, 9 ला 0.4, 10 ला 4. मध्ये कुठेतरी, 6 ते 6.5 च्या आसपास, विद्राव्यता सर्वांत कमी असते: लिटरमागे मिलिग्रॅमचे काही हजारांश.

साका किती घट्टपणे घनरूपात टिकतो याचा आलेख काढला, सामू डावीकडून उजवीकडे, तर तो सह्याद्रीच्या आडव्या छेदासारखा दिसेल. डावीकडे, पश्चिमेला, कोकणात कोसळणारा कडा. उजवीकडे देशाकडे हळूहळू उतरत जाणारी जमीन. माथा साडेसहाच्या अलीकडे. या डोंगराच्या दोन्ही बाजूंना पाण्यात उतरता येतं, पण डावीकडून पाय घसरला तर सावरायला वेळ मिळत नाही. उजवीकडे आपण खाली उतरतोय हेच बराच वेळ कळत नाही.

एक गोष्ट मात्र बजावून सांगायला हवी. हे आकडे ज्या स्थिर स्थितीसाठी आहेत, ती ताज्या साक्याला लगेच लाभत नाही. नुकताच बसलेला लिबलिबीत साका अस्ताव्यस्त असतो. त्याची विद्राव्यता याहून कितीतरी जास्त भरते. तो दिवसेंदिवस पडून राहिला की त्यातले अणू शिस्तीत बसतात, पाणी सुटतं, आणि शेवटी गिब्साइट नावाचं स्फटिक रूप तयार होतं. ते वरच्या आकड्यांपेक्षाही कमी विरघळतं. म्हणून कुठल्याही पुस्तकातला एकच आकडा घेऊन ‘सामू इतका, म्हणजे ॲल्युमिनियम इतकाच’ असं म्हणणं धोक्याचं आहे. आलेखाचा आकार मात्र सगळ्या रूपांत तोच राहतो. डोंगराची फक्त उंची बदलते.

प्रयोगशाळेत गुणात्मक विश्लेषण केलेल्यांना एक जुनी शंका आठवत असेल. ॲल्युमिनियम ओळखताना अमोनिया घालतात, कॉस्टिक सोडा नाही. आणि अमोनियाच्या आधी अमोनियम क्लोराइड भरपूर घालायला सांगतात. कारण याच उतारावर आहे. नुसता अमोनिया जास्त झाला तर सामू 11 च्या वर जाऊ शकतो आणि साक्यातला काही भाग संकुल होऊन निसटतो. अमोनियम क्लोराइड सोबत असला की सामू 9 च्या आसपास अडवून ठेवला जातो. तिथे निसटणारा ॲल्युमिनियम इतका थोडा की साका पूर्ण उतरतो. ‘चमचाभर मीठ घाला’ एवढंच सांगणाऱ्या प्रयोगवहीत हे कारण लिहिलेलं असतं तर किती विद्यार्थ्यांचे साके वाचले असते!

उजव्या उताराचा सर्वांत मोठा उपयोग केला तो कार्ल योझेफ बायर या ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञानं. 1880 च्या दशकात तो रशियात सेंट पीटर्सबर्गजवळच्या एका रसायन कारखान्यात होता. त्याला ॲल्युमिनियम धातू करायचा नव्हता. कापूस रंगवताना रंग पक्का बसावा म्हणून कापड गिरण्यांना ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड लागत असे, ते त्याला पुरवायचं होतं. आम्ल द्रावणातून काढलेला साका गाळायला आणि धुवायला महाकठीण. जिलेटिनसारखा तो गाळणीवरच बसून राहतो. बायरच्या लक्षात आलं की ॲल्युमिनेटच्या द्रावणात ताज्या हायड्रॉक्साइडचे थोडे कण टाकून ते ढवळत ठेवलं तर ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड स्फटिक होऊन, वाळूसारखा सुटा बाहेर येतो. सहज गाळता येतो, सहज धुता येतो. काही वर्षांत त्यानं दुसरा भागही जोडला: बॉक्साइट दाबाखाली गरम कॉस्टिक सोड्यात शिजवायचा.

आजही ॲल्युमिना याच पद्धतीनं निघतो. कोल्हापूर जिल्ह्यात राधानगरी तालुक्यातल्या पठारावर लाल जांभ्याच्या थरांत बॉक्साइट आहे, आणि बेळगावात ॲल्युमिना शुद्ध करणारा कारखाना आहे. बॉक्साइट दळून, गिब्साइट प्रकारचा असेल तर साधारण 140 ते 150 अंश सेल्सियसला, दाबाखाली तीव्र कॉस्टिक द्रावणात शिजवला जातो. ॲल्युमिनियम संकुल होऊन द्रावणात उतरतो. लोहाचा हायड्रॉक्साइड या सामूला संकुल करत नाही, तो जसाच्या तसा लाल चिखल होऊन मागे राहतो. दगडातून ॲल्युमिनियम वेगळा होतो तो या एका फरकामुळे. नितळ द्रावण मग थंड करतात. थंड झालं की त्यात मावतो त्याहून जास्त ॲल्युमिनियम असतो, पण तो आपणहून बाहेर येत नाही. चार शेजाऱ्यांच्या संकुलातून सहा शेजाऱ्यांच्या स्फटिकात जायचं, हा बदल त्याला कठीण पडतो. म्हणून बायरच्या पद्धतीनं स्फटिकाचं बी टाकावं लागतं, आणि मग दिवस-दोन दिवस ढवळत, सावकाश, हायड्रॉक्साइड बसत राहतो. तो भट्टीत सुमारे हजार अंशांना भाजला की ॲल्युमिना. कॉस्टिक सोडा पुन्हा पहिल्या टाकीकडे जातो.

कारखान्यात उजवा उतार हवासा असतो. जलशुद्धीकरण केंद्रात दोन्ही उतार नकोसे असतात. पावसाळ्यात गढूळ पाण्याच्या घागरीत तुरटी फिरवायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. केंद्रात तेच काम ॲल्युमिनियम सल्फेटच्या लाद्यांनी होतं. ॲल्युमिनियम पाण्यात जातो, हायड्रॉक्साइड होतो, त्याचे पुंजके मातीचे बारीक कण गुरफटून खाली नेतात. हे नीट व्हायचं तर पाणी साधारण 6.5 ते 7.5 सामूच्या पट्ट्यात हवं, म्हणजे माथ्याजवळ.

जुलैतलं एक पाणी धरू. नदीला पूर आलाय, पावसाच्या पाण्यानं सगळं पातळ झालंय, पाण्याची अल्कता कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात लिटरमागे फक्त 30 मिलिग्रॅम. अल्कता म्हणजे आम्ल पचवण्याची पाण्याची ताकद. लिटरमागे एक मिलिग्रॅम तुरटी सुमारे अर्धा मिलिग्रॅम अल्कता खाते, कारण हायड्रॉक्साइड होताना ॲल्युमिनियम हायड्रोजन सोडत असतो. गढूळपणा बघून जार टेस्टमध्ये 60 मिलिग्रॅमचा डोस निघाला, तर हिशेब सरळ आहे: 30 ची 30 अल्कता संपली. आता आम्ल पचवणारं काहीच उरलं नाही, सामू पाचच्या खाली घसरतो आणि आपण कोकणकड्यावरून पडतो. पुंजके होत नाहीत, गढूळपणा तसाच, आणि ॲल्युमिनियम विरघळून पुढे जातो. अशा वेळी नवख्या माणसाचा हात डोस वाढवण्याकडे जातो. त्यानं पाणी आणखी आंबट होतं. इथे हवा तो चुना, तोही तुरटीच्या आधी. लिटरमागे 15 मिलिग्रॅम विरी गेलेला चुना सुमारे 20 मिलिग्रॅम अल्कता देतो. तेवढी गाठीशी राहिली की डोस तोच ठेवूनही पुंजके धरू लागतात.

दुसरं पाणी मे महिन्यातलं. तलाव आटलाय, शेवाळ मातलंय. ऊन चढलं की शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं आणि दुपारी सामू 9 वर जातो. अल्कता 180. गढूळपणा कमी, म्हणून डोस 15 मिलिग्रॅम. ती तुरटी साडेसात मिलिग्रॅम अल्कता खाते, आणि एवढ्यानं 180 च्या पाण्याला काही फरक पडत नाही. सामू 8.7 च्या आसपास राहतो. या 15 मिलिग्रॅम तुरटीत ॲल्युमिनियम आहे सुमारे 1.4 मिलिग्रॅम. साका पूर्ण स्थिरावला असता तरी 8.7 ला त्यातला 0.2 मिलिग्रॅमच्या आसपास संकुल होऊन पाण्यात राहिला असता, आणि ताजा साका तर त्याहून जास्त सोडतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस 10500 मध्ये, ॲल्युमिनियमची स्वीकारार्ह मर्यादा 0.03 मिलिग्रॅम प्रतिलिटर आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तेव्हाची कमाल मर्यादा 0.2. म्हणजे पाणी डोळ्यांना निर्मळ दिसत असताना मर्यादा ओलांडली जाते. त्याच मानकात सामूची मुभा 6.5 ते 8.5 आहे, पण 8.5 चं पाणी सामूच्या मानकात बसलं म्हणून ॲल्युमिनियमच्या मानकातही बसेल असं नाही. इथे उपाय चुन्याच्या उलटा: कार्बन डायऑक्साइड किंवा थोडं आम्ल देऊन सामू आधी खाली आणायचा, किंवा सकाळी सामू कमी असताना जास्तीत जास्त पाणी उचलायचं.

याच उजव्या उतारावरची आणखी एक चूक चुन्याच्या जागेमुळे होते. लोखंडी नळ गंजू नयेत म्हणून शुद्ध पाण्याचा सामू शेवटी थोडा वाढवतात. हा चुना गाळणीनंतर पडायला हवा. तो गाळणीच्या आधी पडला आणि सामू 9 कडे गेला, तर वाळूवर अडकलेले पुंजके तिथल्या तिथे विरघळू लागतात. विरघळलेल्या संकुलाला वाळू अडवू शकत नाही. ते गाळणी पार करून टाकीत जातं. पुढे त्यात कमी सामूचं दुसऱ्या स्रोताचं पाणी मिसळलं की साका पुन्हा तयार होतो, आता नळात आणि उंच टाकीच्या तळाशी. केंद्रातून निघताना स्वच्छ असलेलं पाणी घरी पोचताना पांढुरकं का, याचं उत्तर पुष्कळदा इथे सापडतं.

ॲल्युमिनियम जास्त आला तर दोष कुठला हे ओळखायची एक साधी रीत आहे. गाळणीनंतरच्या पाण्याचे दोन नमुने घ्यायचे. एक तसाच तपासायचा आणि दुसरा प्रयोगशाळेतल्या 0.45 मायक्रॉनच्या बारीक पडद्यातून गाळून. साध्या नमुन्यात ॲल्युमिनियम भरपूर आणि पडद्यातून गेलेल्यात अगदी थोडा असेल, तर पुंजके घनरूपातच गाळणीतून निसटत आहेत. मग वाळू तपासायची, बॅकवॉश बघायचा, गाळणीचा वेग कमी करायचा. दोन्ही नमुन्यांत जवळपास सारखाच निघाला, तर तो विरघळलेला आहे आणि वाळू कितीही धुतली तरी फरक पडणार नाही. तेव्हा सामू मोजायचा. 6 च्या खाली असेल तर चुना वाढवायचा, 8 च्या वर असेल तर चुना कमी करायचा किंवा त्याची जागा बदलायची, आणि तासाभरानं दोन्ही नमुने पुन्हा घ्यायचे.